बारकोड घेताना आणि लावताना या चुका टाळा (ब्रँड नसलेल्या मालासाठी सुद्धा)

छोट्या उद्योजकांचा माल ऑनलाइन चढवून द्यायचं काम मी करतो, त्यात मसालेवाले, पापड-लोणचीवाले, हस्तकलावाले, चपलावाले सगळे येतात, आणि लिस्टिंग अडकायचं सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे बारकोडचा नंबर. फोटो चांगले असतात, माल चांगला असतो आणि त्या १३ आकड्यांमुळे सगळं थांबतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. त्या काळ्या रेघांना किंमत नाही, किंमत आहे रेघांखाली छापलेल्या नंबरला. रेघांचं चित्र कुठल्याही फुकटच्या वेबसाइटवर एका मिनिटात बनतं. नंबर मात्र कुणाच्या तरी नावावर असावा लागतो. या नंबरला जीटीआयएन म्हणतात, आपल्याकडे पुडीवर दिसतो तो १३ आकडी असतो आणि भारतात तो जीएस-वन इंडिया ही संस्था देते. तिथून घेतलेला नंबर 890 ने सुरू होतो. पण 890 म्हणजे "भारतात बनलेला माल" असं अजिबात नाही, कंपनीने नंबर भारतातल्या संस्थेकडून घेतलाय एवढाच त्याचा अर्थ. माल बाहेरून आणून स्वतःच्या ब्रँडने विकणाऱ्याचा नंबर पण 890 नेच सुरू होऊ शकतो.

आता पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक, स्वतःच नंबर बनवणं. लोक काय करतात, 890 लिहितात, पुढे मनाला येतील ते आकडे टाकतात आणि शेवटचा आकडा वेबसाइट काढून देते. शेवटचा आकडा हा चेक डिजिट असतो, तो पहिल्या १२ आकड्यांवरून निघतो. उदाहरण म्हणून 890123456789 घ्या. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे मिळवा, ८+०+२+४+६+८ म्हणजे २८. उरलेले ९+१+३+५+७+९ म्हणजे ३४, त्याची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०, पुढच्या दहाच्या पटीत यायला काहीच कमी पडत नाही म्हणून चेक डिजिट 0. झाला नंबर 8901234567890. गणितात एकदम पास! स्कॅनर पण बीप करतो. पण एवढ्याने तो तुमचा होत नाही, कारण चेक डिजिट फक्त टायपिंगची चूक पकडतो, मालकी कोणाची ते सांगत नाही. मालकी कळते ती जीएस-वनच्या यादीत. त्यांच्या साइटवर Verified by GS1 नावाचा शोध आहे, तिथे नंबर टाकला की तो कुठल्या कंपनीच्या नावावर आहे ते दिसतं, आणि मोठे मार्केटप्लेस याच यादीशी नंबर ताडून बघतात.

हाच शोध दुसऱ्या चुकीतून पण वाचवतो, ती म्हणजे नेटवर स्वस्तात मिळणारे "१०० बारकोड" घेणं. अमेरिकेत २००२ च्या आधी काही कंपन्यांनी वार्षिक फी नसलेले प्रीफिक्स, म्हणजे कंपनीच्या नावावरचे नंबराचे सुरुवातीचे आकडे, घेतले होते, त्यातले नंबर आज सुटे विकले जातात. नंबर खरे असतात पण यादीत नाव त्या जुन्या कंपनीचं निघतं, तुमचं नाही. स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या बिलिंगला ते चालतील. पण ॲमेझॉनवर टाकलेत की 8572 नंबरची एरर येऊ शकते, म्हणजे हा कोड या मालाशी जुळत नाही, आणि दुसरीकडे कुणी तोच नंबर आधी वापरला असेल तर तुमची मसाल्याची पुडी कुणाच्या तरी मोबाइल कव्हरच्या पानाला जाऊन चिकटते. विकत घेतलेल्या नंबरांची लिस्ट हातात आली असेल तर छापायच्या आधी त्यातले चार-पाच नंबर शोधून बघा, समोर अनोळखी कंपनी आली तर पुढे जाऊ नका.

जीएस-वन इंडियाची नोंदणी ऑनलाइन होते, फी तुमची उलाढाल आणि किती नंबर हवेत त्यावर ठरते, आणि ठराविक मुदतीनंतर रिन्यू करावी लागते. इथे दोन गोष्टी सांभाळा. नोंदणी ब्रँडच्या नावाने नाही तर ज्या फर्मच्या नावाने पॅन आणि जीएसटी आहे तिच्याच नावाने करा. आणि नंबर किती घ्यायचे हे मोजून घ्या, त्यात लोक हमखास चुकतात.

कसं ते बघा. समजा सांगलीकडे एक ताई कांदा-लसूण मसाला करतात. त्यांना वाटतं एक मसाला, एक नंबर. पण १०० ग्रॅम, २५० ग्रॅम आणि अर्धा किलो अशा तीन पुड्या, त्यात तिखट आणि मध्यम असे दोन प्रकार, म्हणजे सहा नंबर लागतात. दिवाळीला दोन्ही प्रकारांच्या २५० च्या पुड्या एका डब्यात घालून कॉम्बो केला तर सातवा. होलसेलला २४ पुड्यांचा खोका स्कॅन करून जाणार असेल तर खोक्याला पण वेगळा नंबर, पुडीचाच नंबर खोक्यावर छापला तर गोदामात २४ ऐवजी एकच पुडी जमा होते आणि मग स्टॉकचा ताळमेळ लागता लागत नाही. १०० नंबरांच्या पॅकमध्ये जीएस-वन तुम्हाला 890 धरून १० आकडी प्रीफिक्स देते, पुढचे दोन आकडे मालाचे, 00 ते 99, आणि शेवटी चेक डिजिट. ताईंना एवढे भरपूर झाले.

आणि नवीन नंबर कधी लागत नाही? किंमत वाढली तर नाही, एमआरपी बारकोडमध्ये नसतेच, ती दुकानदाराच्या कॉम्प्युटरमध्ये असते. नवीन बॅच आली तरी नाही. पाकिटाच्या डिझाइनमध्ये किरकोळ बदल केला तरी नाही. पण २५० ग्रॅमची पुडी २०० ग्रॅमची केली की नवीन नंबर लागतोच, ब्रँडचं नाव बदललं तरी लागतो. जुना नंबर बंद झालेल्या मालाचा असला तरी दुसऱ्याला लावू नका, कारण दुकानांच्या सिस्टिममध्ये तो जुन्या नावानेच पडून असतो.

एक भलतीच चूक पण वारंवार दिसते, बारकोडच्या रकान्यात एफएसएसएआयचा १४ आकडी लायसन्स नंबर किंवा एचएसएन कोड टाकणं. लायसन्स नंबर तुमच्या धंद्याचा आहे, एचएसएन कराचा आहे, दोन्ही या रकान्यात चालत नाहीत.

आता ब्रँड नसलेल्या मालाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. तांबटाकडून आणलेलं तांब्याचं भांडं, कारागिराकडून घेतलेली कोल्हापुरी, खणाच्या पिशव्या, यावर ना नाव ना नंबर. यासाठी नंबर विकत घ्यायची धडपड करायच्या आधी माल कुठे विकणार ते ठरवा.

फक्त स्वतःच्या दुकानात विकणार असाल तर जीएस-वनकडे जायची गरजच नाही. बिलिंग सॉफ्टवेअरमधून स्वतःचा कोड काढा, १३ आकडीच हवा असेल तर तो 20 ने सुरू करा. 20 ते 29 हे आकडे अशा अंतर्गत वापरासाठीच राखून ठेवलेत, त्यामुळे बाहेरच्या कुठल्या पॅकेटशी टक्कर होत नाही. मात्र हे कोड दुकानाच्या दाराबाहेर जाऊ देऊ नका. गूगलवर माल दाखवायला त्याची माहिती मर्चंट सेंटरला द्यावी लागते, तिथे 2 ने सुरू होणारा नंबर दिलात तर तो नाकारला जातो.

ॲमेझॉनवर विकणार असाल तर जीटीआयएन एक्झेम्प्शन म्हणजे नंबरातून सूट मागता येते. सेलर सेंट्रलमध्ये अर्ज करताना कॅटेगरी निवडा आणि ब्रँडच्या जागी Generic असंच लिहा, दुकानाचं नाव नाही, "नो ब्रँड" नाही. मालाचे सगळ्या बाजूंचे फोटो लागतात आणि फोटोत कुठेही ब्रँड किंवा बारकोड दिसता कामा नये. अर्ज इथेच फेटाळले जातात, कारण भांडं कोऱ्या कापडावर असतं पण शेजारी कुरिअरचं लेबल किंवा होलसेलवाल्याचा स्टिकर दिसत असतो. सूट मिळाली की लिस्टिंग करताना पण ब्रँडमध्ये तेच, तसंच स्पेलिंग. अर्जात Generic आणि लिस्टिंगमध्ये दुकानाचं नाव टाकलं की 5665 एरर येते, म्हणजे हा ब्रँड मंजूर नाही, आणि लोक समजतात सूटच मिळाली नाही.

गूगलवर मात्र बरोबर उलटं! तिथे ब्रँडच्या रकान्यात Generic लिहायचं नाही, रकाना रिकामा ठेवायचा आणि फीडमध्ये, म्हणजे मर्चंट सेंटरला द्यायच्या मालाच्या यादीत, हे टाकायचं:

```
identifier_exists: no
```

पण ज्या मालावर कंपनीचा नंबर छापलेला आहे त्याला हे लावू नका, नंबर असताना "नाही" म्हटलं की प्रॉडक्ट नापास होऊ शकतं. दुसऱ्या कंपनीचा माल विकत असाल तर तिचाच छापील नंबर द्यायचा, आपला लावायचा नाही.

आणि पुढे कधीतरी त्या खणाच्या पिशव्यांना स्वतःचं नाव द्यायचा विचार असेल तर Generic ने सुरुवात करू नका. Generic म्हणून बनलेल्या पानावर नंतर ब्रँडचं नाव चढवणं फार अवघड आहे, नवीन पान काढावं लागतं आणि जमलेले रिव्ह्यू जुन्याच पानावर राहतात. आधी नावाचं लेबल पिशवीत शिवून घ्या, मग त्या नावाने सूट मागा किंवा सरळ नंबर घ्या. लेबल कायमचं बसवलेलं लागतं, वरून चिकटवलेला कागद चालत नाही.

नंबर बरोबर असून फाइल नापास होते तेव्हा एक्सेल बघा. १३ आकडे टाकले की एक्सेल 8.90123E+12 असं दाखवतं, ती फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की नंबराचा 8901230000000 होऊन बसतो. शेवटी शून्यांची रांग दिसली की समजायचं हेच झालंय. तो रकाना आधी Text करा आणि मगच नंबर टाका, नंतर Text केल्याने गेलेले आकडे परत येत नाहीत. 0 ने सुरू होणाऱ्या नंबरचं पुढचं शून्य पण असंच उडतं.

छपाईचं थोडक्यात. पूर्ण आकार दोन्ही बाजूंची मोकळी जागा धरून साधारण ३७ बाय २६ मिलिमीटर, कमीत कमी त्याच्या ८० टक्के ठेवा, आणि डावी-उजवीकडची पांढरी जागा डिझायनरला खाऊ देऊ नका. मसाल्याच्या पुडीवर लाल रेघा शोभून दिसतात पण बऱ्याच स्कॅनरचा प्रकाशच लाल असतो, त्याला लाल आणि पांढरं सारखंच दिसतं. पांढऱ्यावर काळं ठेवा, आणि हजारो पाकिटं छापायच्या आधी एक प्रूफ दुकानातल्या खऱ्या स्कॅनरवर मारून बघा, मोबाइलचा कॅमेरा खराब छपाई पण वाचतो त्यामुळे त्यावर भरवसा नको.

ज्यांनी आधीच विकतच्या नंबरवर लिस्टिंग केलंय त्यांनी त्या पानावरचा नंबर बदलायच्या मागे लागू नये, तो तुमच्याकडून बदलत नाही. स्वतःच्या नंबरने, नव्या एसकेयूने म्हणजे मालाला तुम्ही स्वतः दिलेल्या नव्या कोडने वेगळं पान बनवा, जुन्या पाकिटांचा स्टॉक जुन्याच पानावर संपू द्या, आणि दोन्ही छपाईची पाकिटं एकाच खोक्यात गोदामाला पाठवू नका.