किराणा ॲपच्या पहिल्या पोस्टमध्ये या चुका टाळा

नवीन किराणा ॲप सुरू झालं की मालकाचा सगळा जीव चित्रात अडकतो. रंग कोणता, भाज्यांचा फोटो कसा, लोगो केवढा. चित्राखालचा मजकूर मात्र शेवटच्या दहा मिनिटांत, कुणाची तरी जुनी पोस्ट समोर ठेवून लिहिला जातो. मी इंदूरमधल्या दुकानदारांसाठी असा मजकूर लिहितो आणि तपासतो. बहुतेक तक्रारी त्या दहा मिनिटांत जन्माला आलेल्या असतात.

सगळ्यात महागात पडणारं वाक्य म्हणजे “आता संपूर्ण इंदूरमध्ये!” अन्नपूर्णा भागात गोदाम असलेल्या एका ॲपनं हेच लिहिलं होतं. प्रत्यक्षात त्यांची मुलं सुदामा नगर, उषा नगर, वैशाली नगर आणि राजेंद्र नगर एवढ्याच भागात सामान पोहोचवणार होती. मालकाचं म्हणणं, “पुढे सगळीकडे जाणारच आहोत, आत्ताच लहान कशाला दिसायचं?” पोस्ट व्हॉट्सॲपवर फिरत विजय नगर आणि खजराण्यापर्यंत गेली. तिथल्या लोकांनी ॲप उतरवलं, नंबर टाकला, ओटीपी दिला, पोहे, शेंगदाणे, साबण असं सगळं निवडलं आणि शेवटी पत्ता भरला. तेव्हा कुठे पाटी आली की या भागात सेवा उपलब्ध नाही. माणूस एवढी खटपट करून रिकाम्या हातानं परत जातो तेव्हा तो गप्प बसत नाही. संध्याकाळपर्यंत प्ले स्टोअरवर एकेका ताऱ्याची रांग लागली.

नव्या ॲपला मुळात मतंच मोजकी असतात, त्यामुळे थोड्याशा रागीट मतांनीही सरासरी कोसळते. मालक त्या मतांना उत्तर देऊ शकतो, पण स्वतः ती पुसू शकत नाही. ज्यांच्या घरी सामान वेळेवर पोहोचलं त्या सुदामा नगरातल्या घरांनी काही लिहिलंच नाही. समाधानी गिऱ्हाईक सहसा लिहीत नाही. वर आणखी एक घोळ झाला. काही लांबच्या ऑर्डरी ॲपनं आधी स्वीकारल्या आणि दुकानानं नंतर रद्द केल्या. पहिल्या ऑर्डरची सवलत मोबाइल नंबरला बांधलेली होती, म्हणून त्या लोकांची “पहिली ऑर्डर” वापरली गेली असं ॲपनं धरलं. पुढे सेवा त्यांच्या भागात पोहोचली तरी सवलत गेलेली. पोस्ट टाकण्याआधी एक ऑर्डर देऊन ती रद्द करा आणि कूपन परत मिळतं का ते बघा. मी हे न बघता कुठलीही पोस्ट जाऊ देत नाही.

म्हणून भागांची नावं पहिल्या दोन ओळींत हवीत. इंस्टाग्रामवर मजकूर थोडाच दिसतो, बाकीचा बोट लावल्यावर उघडतो. नावं लोक बोलतात तशी लिहा. नुसता पिन कोड पुरत नाही, कारण एका पिनमध्ये पुष्कळ वस्त्या येतात आणि त्या सगळ्या तुमच्या टप्प्यात नसतात. जिथे अजून जात नाही त्यातला एखादा मोठा भागही सांगून टाका. आणि भागांची यादी फक्त चित्रात ठेवू नका. लोक मजकूर कॉपी करून कॉलनीच्या ग्रुपवर टाकतात, चित्र मागेच राहतं.

दुसरी चूक सवलतीची. “पहिल्या ऑर्डरवर 50% सूट, अटी लागू.” अट काय, तर जास्तीत जास्त 60 रुपये. राजेंद्र नगरातल्या एका काकूंनी 640 रुपयांचं सामान घेतलं. त्यांच्या हिशेबानं 320 कमी व्हायला हवे होते. कमी झाले 60, वर 25 रुपये घरपोच देण्याचे लागले आणि बिल 605 झालं. ज्या बाईला 35 रुपये वाचल्याचा आनंद व्हायचा, ती फसवल्याच्या भावनेनं फोन ठेवते. मालक म्हणतात की मोठा आकडा लोकांना खेचतो. खेचतो खरा, पण ज्याला बिलाशी आणून चिडवलं तो दुसरी ऑर्डर देत नाही, आणि किराण्याचा धंदा दुसऱ्या-तिसऱ्या ऑर्डरीवरच चालतो.

टक्के सोडा, रुपये लिहा. “299 किंवा जास्त रुपयांच्या सामानावर 60 रुपये कमी.” 299 चे 20 टक्के जवळपास 60 च होतात, म्हणजे सरसकट 20 टक्के सूट देण्याच्या तुलनेत 299 च्या ऑर्डरीवर मालकाला तेवढाच भार आणि मोठ्या ऑर्डरीवर उलट कमी. गिऱ्हाइकाला मनात गणित करावं लागत नाही. दूध, तेल किंवा साखर सवलतीत धरत नसाल तर तेही तिथेच, त्याच अक्षरात सांगा. हा नुसता सभ्यतेचा प्रश्न नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्राची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांच्यानुसार दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत अटही हवी. वर मराठी आणि खाली बारीक इंग्रजी, हे चालत नाही.

कूपन `POHE100` सारखं ठेवू नका. लोक ओ आणि शून्यात घोटाळतात. `GHAR60` सरळ आहे.

ॲप उतरवायच्या पायऱ्यांत “प्ले स्टोअरवर शोधा” हे लिहिणं म्हणजे कामचुकारपणा आहे. नवं ॲप शोधात वर येत नाही, त्याच्यासारख्या नावाची दुसरीच येतात. लिंक द्या. व्हॉट्सॲपवर ती दाबता येते. इंस्टाग्रामच्या मजकुरात दाबता येत नाही, तिथे ती बायोमध्ये ठेवा. क्यूआर कोड दुकानाच्या काउंटरवर आणि पत्रकावर छान. पण फोनवर आलेला कोड त्याच फोननं कसा टिपायचा हे बहुतेकांना ठाऊक नसतं. आयफोनसाठी ॲप तयार नसेल तर स्पष्ट सांगा.

इमोजींची जत्रा नको.

वरच्या दुकानासाठी मी असा मजकूर लिहिला असता:

“सुदामा नगर, उषा नगर, वैशाली नगर, राजेंद्र नगर: किराणा आता घरपोच. (विजय नगर भागात अजून सेवा नाही.)
पहिल्या ऑर्डरवर 299 किंवा जास्त रुपयांच्या सामानावर 60 रुपये कमी. कोड `GHAR60`. दूध आणि तेल यात धरलेलं नाही. घरपोच देण्याचे 25 रुपये वेगळे. 31 तारखेपर्यंत.
1. खालची लिंक दाबा, `Install` करा. सध्या फक्त अँड्रॉइडवर.
2. मोबाइल नंबर टाका, आलेला ओटीपी भरा.
3. आधी पत्ता भरा, मग सामान निवडा.
4. पैसे देण्याआधी कोड टाका.
अडलं तर दुकानाच्या नंबरवर फोन करा, सकाळी 8 ते रात्री 9.”

तिसऱ्या पायरीत पत्ता आधी आहे तो मुद्दामच. ज्याच्याकडे सेवा नाही त्याला ते अर्ध्या मिनिटात कळतं, टोपली भरल्यावर नाही. तारखेपुढे महिन्याचं नावही घाला. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर 15 मिनिटांपर्यंतच बदलता येतो, आणि लोकांनी पुढे पाठवलेल्या प्रती तर तुमच्या हाती राहतच नाहीत. ऑफर संपून तीन-चार महिने झाले तरी कुणीतरी तीच पोस्ट दाखवत काउंटरवर उभं राहतं.