आयगेनव्हॅल्यूंचं उत्तर ट्रेसने कसं तपासावं

आयगेनव्हॅल्यू काढून झाल्या की त्या बरोबर आहेत का हे बघायला पुन्हा सगळं गणित सोडवायची गरज नसते. मॅट्रिक्सच्या मुख्य कर्णावरचे, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत तिरपे जाणारे आकडे मिळवायचे. ही बेरीज म्हणजे ट्रेस. सगळ्या आयगेनव्हॅल्यूंची बेरीजही तेवढीच भरली पाहिजे. नाही भरली, तर कुठेतरी नक्की चुकलंय. भरली, तरी तेवढ्यावर पेन खाली ठेवू नये, कारण काही चुका या चाळणीतून सरळ खाली पडतात. त्या कोणत्या आणि त्यांना कसं धरायचं, हे एका उदाहरणावरून बघू.

उदाहरण मांडून घेऊ

समजा मासळी भरायचे प्लॅस्टिकचे क्रेट मिरकरवाडा, हर्णे आणि मालवण या तीन बंदरांत फिरतात. आकडे हिशोबाला सोपे पडावेत म्हणून बेतलेले आहेत. मिरकरवाड्याच्या दर 10 क्रेटपैकी आठवड्याअखेर 8 तिथेच राहतात, 1 हर्णेला आणि 1 मालवणला जातो. हर्णेच्या 10 पैकी 2 मिरकरवाड्याला जातात, 7 तिथेच राहतात, 1 मालवणला जातो. मालवणच्या 10 पैकी मिरकरवाड्याला 1, हर्णेला 1, आणि 8 जागच्या जागी. प्रत्येक बंदराचा हिशोब एकेका स्तंभात उभा लिहिला की ही मॅट्रिक्स मिळते:

```
      8  2  1
B  =  1  7  1
      1  1  8
```

खरी मॅट्रिक्स याच्या एक दशांश, म्हणजे 0.8, 0.2 वगैरे. दशांश चिन्हं टाळण्यासाठी आपण तिला 10 ने गुणून घेतलं. त्यामुळे आयगेनव्हॅल्यूही दहापट येतील आणि शेवटी 10 ने भागाव्या लागतील. हे भागायचं विसरतं, आणि ट्रेस तेही दाखवतो: B चा ट्रेस 23, खऱ्या मॅट्रिक्सचा 2.3.

कर्णावरचे आकडे म्हणजे जागच्या जागी राहिलेले क्रेट. 8 + 7 + 8 = 23. गणिताला हात घालण्याआधीच हा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा, आणि तो मूळ प्रश्नातून घ्यावा, आपण उतरवून घेतलेल्या मॅट्रिक्समधून नव्हे. उतरवताना कर्णावरचाच आकडा चुकला असेल तर उत्तर आणि तपासणी दोन्ही सारखीच चुकतात आणि जुळल्यासारखी दिसतात.

सोडवणूक

3 × 3 साठी कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशन असं असतं: λ³ − S₁λ² + S₂λ − |B| = 0. यात S₁ म्हणजे ट्रेस, S₂ म्हणजे कर्णावरच्या तीन घटकांच्या मायनरची बेरीज, आणि |B| म्हणजे निश्चयक, अर्थात डिटर्मिनंट.

S₂ काढताना एकेका कर्णघटकाची रांग आणि स्तंभ झाकायचा. पहिली झाकली की 7×8 − 1×1 = 55. दुसरी झाकली की 8×8 − 1×1 = 63. तिसरी झाकली की 8×7 − 2×1 = 54. बेरीज 172. निश्चयक: 8(56 − 1) − 2(8 − 1) + 1(1 − 7) = 440 − 14 − 6 = 420.

म्हणून λ³ − 23λ² + 172λ − 420 = 0. प्रत्येक स्तंभाची बेरीज 10 आहे, कारण क्रेट कुठे हरवत नाहीत. अशा मॅट्रिक्सची एक आयगेनव्हॅल्यू 10 असणारच, ती शोधत बसायला नको. (λ − 10) ने भागलं की λ² − 13λ + 42 उरतं, त्याची उत्तरं 7 आणि 6.

आता तपासणी: 10 + 7 + 6 = 23. जुळलं. खऱ्या मॅट्रिक्ससाठी 1, 0.7 आणि 0.6, बेरीज 2.3.

बेरीज का जुळते?

λI − B चा निश्चयक उलगडला की प्रत्येक पदात प्रत्येक रांगेतून आणि प्रत्येक स्तंभातून बरोबर एक घटक येतो. λ फक्त कर्णावर आहे. एखाद्या पदात कर्णावरचा एक घटक सोडला, तर त्याच्या रांगेसाठी दुसरा स्तंभ घ्यावा लागतो आणि त्या स्तंभातला कर्णघटकही हातचा जातो. म्हणजे एक सोडला की किमान दोन सुटतात. त्यामुळे 3 × 3 मध्ये बाकीच्या कुठल्याच पदात λ² येऊ शकत नाही, तो केवळ (λ − 8)(λ − 7)(λ − 8) या गुणाकारातून येतो आणि त्याचा सहगुणक −(8 + 7 + 8) असतो. तीच बहुपदी (λ − λ₁)(λ − λ₂)(λ − λ₃) अशीही लिहिता येते, तिथे λ² चा सहगुणक −(λ₁ + λ₂ + λ₃). दोन्ही एकच बहुपदी, म्हणून दोन्ही बेरजा एकच.

या कारणातच तपासणीची मर्यादाही आहे. ट्रेस बघतो तो एकच सहगुणक. बाकीचे सहगुणक कितीही चुकले तरी त्याला पत्ता लागत नाही.

ट्रेसच्या हातून निसटणारी चूक

भागाकार करताना 42 ऐवजी 40 लिहिलं गेलं असं समजा. λ² − 13λ + 40 ची उत्तरं 8 आणि 5. छान पूर्णांक, संशय यायचं कारण नाही. बेरीज 10 + 8 + 5 = 23, ट्रेसशी तंतोतंत जुळते! चूक शेवटच्या आकड्यात झाली आणि बेरीज मधल्या 13 मधून येते, म्हणून ती हललीच नाही. परीक्षेत सगळ्यात जास्त फसवणारी चूक हीच, कारण विद्यार्थी तपासणी करतो, ती जुळते, आणि तो निर्धास्त पुढे जातो.

म्हणून दुसरी तपासणी: आयगेनव्हॅल्यूंचा गुणाकार निश्चयकाएवढा यायला हवा. 10 × 8 × 5 = 400, हवे होते 420. चूक सापडली.

पण S₂ मध्येच घोळ झाला तर? 64 − 1 ऐवजी 64 + 1 केलं की S₂ 172 चा 174 होतो. ट्रेस आणि निश्चयक दोन्ही समीकरणात बरोबर बसलेले आहेत, तेव्हा त्या चुकीच्या समीकरणाच्या मुळांची बेरीज 23 च येणार आणि गुणाकार 420 च. दोन्ही तपासण्या पास, उत्तर मात्र चूक. इथे तिसरी तपासणी लागते, आणि तीही ट्रेसचीच आहे: B² चा ट्रेस = आयगेनव्हॅल्यूंच्या वर्गांची बेरीज.

त्यासाठी B² पूर्ण काढायची गरज नाही. कर्णावरच्या आकड्यांचे वर्ग मिळवायचे, आणि कर्णाच्या दोन बाजूंना समोरासमोर असलेल्या जोड्यांच्या गुणाकारांची दुप्पट त्यात टाकायची:

64 + 49 + 64 + 2(2×1 + 1×1 + 1×1) = 177 + 8 = 185

आपल्या उत्तरासाठी 100 + 49 + 36 = 185. जुळलं. S₂ = 174 असलेल्या चुकीच्या समीकरणात वर्गांची बेरीज 23² − 2×174 = 181 येते, म्हणजे चूक लगेच उघडी पडते.

3 × 3 मध्ये बेरीज, वर्गांची बेरीज आणि गुणाकार हे तिन्ही जुळले की उत्तर चुकीचं असूच शकत नाही, कारण या तिघांवरून समीकरणाचे तिन्ही सहगुणक ठरतात. 2 × 2 मध्ये ट्रेस आणि निश्चयक दोनच पुरतात. 4 × 4 मध्ये आणखी एक लागते, B³ च्या ट्रेसची.

अर्थात ही खात्री हातातल्या मॅट्रिक्सपुरती. कर्णाबाहेरचा आकडाच चुकीचा उतरवला असेल तर ट्रेस बदलत नाही. आपल्या उदाहरणात त्यावर उपाय आहे, प्रत्येक स्तंभाची बेरीज 10 भरते का ते आधी बघून घ्यायचं.

निश्चयक जुळतो, ट्रेस जुळत नाही

उलटा प्रकारही होतो. रांगांच्या क्रिया करून मॅट्रिक्स त्रिकोणी करायची आणि कर्णावरचे आकडे आयगेनव्हॅल्यू म्हणून लिहायचे, ही सवय निश्चयकाच्या गणितांतून लागते. B वर असं केलं तर कर्णावर 8, 6.75 आणि साधारण 7.78 येतात. गुणाकार 420, अगदी बरोबर. बेरीज मात्र 22.53. हा फरक इतका लहान आहे की दशांश तोडल्यामुळे आला असेल असं वाटतं, पण पूर्णांकांच्या मॅट्रिक्सचा ट्रेस पूर्णांकच असतो आणि इथे जवळपास अर्ध्याचा फरक आहे. एका रांगेतून दुसरीची पट वजा केली की निश्चयक टिकतो, आयगेनव्हॅल्यू टिकत नाहीत. मुळातच त्रिकोणी असलेल्या मॅट्रिक्सच्या कर्णावरून आयगेनव्हॅल्यू वाचता येतात, रांगा फिरवून त्रिकोणी केलेल्या मॅट्रिक्सच्या नाही.

पुन्हा पुन्हा येणारी आयगेनव्हॅल्यू

हर्णेहून मिरकरवाड्याला 2 ऐवजी 1 च क्रेट जाऊ लागला आणि हर्णेला 8 राहू लागले, तर कर्णावर तिन्ही 8 आणि बाकी सगळीकडे 1. आयगेनव्हॅल्यू 10, 7 आणि 7. उत्तरात नुसतं «10 आणि 7» लिहिलं की बेरीज 17 आणि ट्रेस 24. कमी पडलेले 7 हेच सांगतात की 7 दोनदा मोजायचा राहिला. आयगेनव्हॅल्यू समीकरणात जितक्या वेळा येते तितक्या वेळा बेरजेत धरायची, मग तिचे वेगळे आयगेनव्हेक्टर तेवढे मिळोत वा न मिळोत. संमिश्र आयगेनव्हॅल्यूही सोडायच्या नाहीत: मॅट्रिक्सचे आकडे वास्तव असतील तर त्या a + ib आणि a − ib अशा जोडीने येतात आणि बेरजेत 2a टाकतात.

संगणकावर

```python
import numpy as np
B = np.array([[8, 2, 1], [1, 7, 1], [1, 1, 8]])
v = np.linalg.eigvals(B)
print(np.trace(B), v.sum())
print(np.trace(B @ B), (v**2).sum())
print(np.linalg.det(B), v.prod())
```

प्रत्येक ओळीत दोन आकडे जुळले पाहिजेत: 23, 185 आणि 420. दशांशाच्या फार पुढच्या स्थानी फरक दिसला तर तो संगणकाच्या दशांश साठवण्यामुळे असतो, म्हणून तुलना `==` ने न करता `np.isclose` ने करावी. आयगेनव्हॅल्यू कुठल्या क्रमाने छापल्या जातील याचा भरवसा नसतो, बेरजेला त्याने काही फरक पडत नाही. मात्र 10 चा आयगेनव्हेक्टर हवा असेल तर `np.linalg.eig(B)` वापरावं, आधी 10 कितव्या जागी आहे ते बघावं आणि आयगेनव्हेक्टरांच्या मॅट्रिक्समधला त्याच जागेचा स्तंभ उचलावा. हातानेही तो सोपा आहे: 5, 3, 4. B ने गुणला की 50, 30, 40 येतात, म्हणजे एकूण 1200 क्रेट असतील तर मिरकरवाड्याला 500, हर्णेला 300 आणि मालवणला 400 अशी वाटणी आठवड्यामागून आठवडे तशीच राहते.