फिक्स्ड पॉइंट इटरेशन: "फरक कमी झाला, म्हणजे उत्तर आलं" आणि अशाच आणखी काही चुका

समीकरण x = g(x) अशा रूपात लिहायचं, एक अंदाज आत घालायचा, जे बाहेर येईल ते पुन्हा आत घालायचं. पद्धत एवढी सोपी आहे म्हणूनच लोक ती विचार न करता चालवतात आणि मग "चालत नाही" म्हणून येतात. खरं तर सगळा खेळ एका आकड्याचा आहे. फिक्स्ड पॉइंटपाशी, म्हणजे आत घातलेला आकडा जिथे तसाच बाहेर येतो तिथे, g चं डेरिव्हेटिव्ह किती, ते बघायचं. चिन्ह सोडून ते एकाहून कमी असेल तर जवळून सुरू केलेल्या फेऱ्या त्या बिंदूकडे येतात, जास्त असेल तर लांब फेकल्या जातात. कारण सरळ आहे: बिंदूजवळ असताना प्रत्येक फेरीत उरलेली चूक साधारण g' ने गुणली जाते.

हाताला लागेल ती मांडणी घेणे

x आणि e^(-x) समान कुठे होतात, हे शोधायचं आहे असं धरू. उत्तर ०.५६७१४३ आहे. याच समीकरणाचे दोन्ही बाजूंचे लॉग घेतले की x = -ln x मिळतं. बीजगणिताच्या दृष्टीने दोन्ही एकच, फेऱ्यांच्या दृष्टीने मात्र एकमेकांच्या उलट.

पहिल्या रूपात उत्तरापाशी g' = -०.५६७ आहे. ०.५ पासून सुरू केलं की ०.६०६५, ०.५४५२, ०.५७९७, ०.५६०१, ०.५७१२ असे आकडे येतात. डावीकडे, उजवीकडे झोके घेत ते जवळ येतात. ही आलटापालट ऋण चिन्हामुळे आहे. ती बघून घाबरायचं कारण नाही, झोके लहान होत आहेत ना, एवढंच पाहायचं. एक दशांश स्थळ मिळवायला साधारण चार फेऱ्या लागतात.

दुसऱ्या रूपात g' = -१/x, म्हणजे उत्तरापाशी -१.७६. सुरुवात अगदी उत्तराला चिकटून, ०.५७ पासून करा: ०.५६२१, ०.५७६०, ०.५५१६, ०.५९५०, ०.५१९२. चूक दर फेरीला पावणेदोन पटींनी वाढते आहे. असंच चालू ठेवलं की आकडा शेवटी ऋण होतो आणि प्रोग्राम लॉगपाशी `ValueError` देऊन थांबतो. इथे बरेच जण सुरुवातीचा अंदाज बदलत बसतात. ०.५७१ घाल, ०.५६८ घाल. उपयोग नाही. अंदाज कितीही चांगला असला तरी १.७६ हा गुणक बदलत नाही. बदलायची ती मांडणी. एका मांडणीत गुणक एकाहून मोठा असेल तर व्यस्त फलनाच्या मांडणीत तो त्याचा व्यस्तांक, म्हणजे एकाहून लहान होतो. म्हणून माझी सवय अशी की आधी दोन्ही मांडण्यांचं डेरिव्हेटिव्ह कागदाच्या कोपऱ्यात काढायचं, मगच कोड उघडायचा.

डेरिव्हेटिव्ह सुरुवातीच्या अंदाजापाशी तपासणे

अट फिक्स्ड पॉइंटपाशी आहे, तुमच्या पहिल्या अंदाजापाशी नाही. -ln x साठी x = २ घेतलं तर |g'| = ०.५, म्हणजे सगळं छान वाटतं. पण पहिल्याच फेरीत -०.६९३ येतं आणि दुसऱ्या फेरीत लॉग बंद पडतो. उलट e^(-x) मध्ये -१ पासून सुरू करा. तिथे |g'| = २.७२ आहे, तरी २.७१८, ०.०६६, ०.९३६, ०.३९२, ०.६७६ असं करत गाडी रुळावर येते. उत्तर माहीत नसताना तिथलं डेरिव्हेटिव्ह कसं काढायचं, हा प्रश्न रास्त आहे. आलेखावरून किंवा चिन्हबदलावरून उत्तर कुठल्या पट्ट्यात आहे ते ठरवा आणि त्या पूर्ण पट्ट्यात |g'| बघा.

दोन फेऱ्यांतला फरक म्हणजेच चूक समजणे

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ती दिसत नाही. आधीच्या चुकांमध्ये प्रोग्राम निदान ओरडतो तरी.

एका कनिष्ठ सहकाऱ्याकडे x = -ln x हीच मांडणी एका मोठ्या हिशोबात अडकलेली होती. तिचे आकडे उत्तरापासून लांब पळत होते, म्हणून कुणीतरी त्याला सांगितलं, "डॅम्पिंग लाव." सल्ला चुकीचा नव्हता. डॅम्पिंग म्हणजे नवा आकडा पूर्ण न घेता त्याचा w एवढाच हिस्सा घ्यायचा:

G(x) = (1-w)·x + w·g(x)

पण w किती, याचा विचार कोण करणार? "जितका लहान तितका सुरक्षित" म्हणून त्याने ०.०१ ठेवला. सुरुवात ०.४ पासून, आणि दोन फेऱ्यांतला फरक ०.००१ पेक्षा कमी झाला की थांब, अशी अट. प्रोग्राम शांतपणे चालला, शांतपणे थांबला, आणि त्याने उत्तर छापलं: ०.५३ च्या आसपास. पुढचे सगळे आकडे त्यावर उभे. नंतर ताळा जुळेना, तेव्हा त्याने बाकी सगळं तपासलं, फक्त हे सोडून, कारण "ते तर कन्व्हर्ज झालंय." मी ०.५३ हा आकडा e^(-x) मध्ये घालायला सांगितलं. ०.५९ आला. अर्ध्या मिनिटाचं काम.

झालं काय होतं? w = ०.०१ ने गुणक ०.९९ - ०.०१७६, म्हणजे सुमारे ०.९७ झाला. एकाहून कमी, म्हणून दिशा बरोबर. पण एकाला इतका चिकटलेला की पावलंच मुंगीची पडतात. फरक ०.००१ झाला तो पाऊल लहान म्हणून, उत्तर जवळ आलं म्हणून नव्हे. गुणक r असेल तर उरलेली चूक साधारण शेवटचा फरक गुणिले r/(1-r) असते. r = ०.९७ ला हा आकडा ३२ च्या वर जातो. म्हणजे ०.००१ च्या फरकामागे ०.०३ ची चूक लपलेली.

त्यामुळे मी नुसता फरक कधीच छापत नाही, शेजारी लागोपाठच्या फरकांचं गुणोत्तरही छापतो:

```python
from math import exp
x, pd = 0.5, None
for i in range(12):
    y = exp(-x)
    d = y - x
    print(i, y, d, d/pd if pd else "")
    x, pd = y, d
```

तिसऱ्या फेरीपासूनच शेवटचा रकाना -०.५६, -०.५७ असा स्थिरावतो. तोच g'. वेगळं डेरिव्हेटिव्ह काढावं लागत नाही. रकाना ०.९७ दाखवत असेल तर थांबण्याच्या अटीवर विश्वास ठेवू नका. आणि थांबल्यावर उत्तर मूळ समीकरणात घालून बघाच.

त्या मांडणीला डॅम्पिंगच हवं असेल तर w = ०.३ घ्या. गुणक ०.१७ होतो. ०.५ पासून ०.५५७९, ०.५६५६, ०.५६६९, ०.५६७१. चार फेऱ्यांत काम संपलं. w साधारण ०.७२ च्या वर गेला की मात्र पुन्हा पळापळ सुरू.

बाकीच्या

g' धन आणि एकाहून मोठा असेल तिथे ०ते १ मधलं कुठलंही w काही सुधारत नाही. 1-w+w·g' एकाच्या वरच राहतं. तिथे मांडणीच उलटवा.

|g'| अगदी १ असेल तर ही अट काहीच सांगत नाही. sin x ला शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह १ आहे. फेऱ्या शून्याकडे येतात, पण १ पासून निघून ३०० फेऱ्यांनंतरही आकडा ०.१ च्या आसपासच असतो. x + x³ लाही शून्यापाशी तेच १, आणि तिथे फेऱ्या लांब जातात.