‘ऑर्डरला उशीर होतोय’ हा मेल पाठवताना या चुका टाळा

समजा, सांगलीहून ऑनलाइन हळद आणि बेदाणे विकणारं एक छोटं दुकान आहे. मार्केट यार्डातून राजापुरी हळकुंडं घ्यायची, बाहेरच्या गिरणीतून दळून आणायची, पाऊचमध्ये भरून कुरियरने पाठवायची. बेदाणे तासगावच्या बाजूचे. ६ मेपर्यंत पोचवायच्या साठेक ऑर्डरी हातात आहेत, आणि गिरणीतून आलेल्या नव्या लॉटचा लॅब रिपोर्ट सांगतो की ओलावा जास्त आहे. हळद पावडरीत १० टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही, त्यामुळे लॉट परत गेला. गिरणीवाला म्हणतो, ‘सोमवारी, ११ तारखेला नवा माल देतो.’

आता ग्राहकांना मेल लिहायचा. बहुतेक दुकानांतून जातो तो असा: ‘काही अपरिहार्य कारणांमुळे आपल्या ऑर्डरला थोडा विलंब होत आहे. लवकरात लवकर पाठवण्याचा प्रयत्न करू. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ यात खोटं काहीच नाही, पण वाचणाऱ्याला उपयोगी पडेल असंही काही नाही. दुसऱ्या दिवशी फोन सुरू होतात.

पुरवठादाराची तारीख तशीच पुढे ढकलणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गिरणीवाला ११ म्हणाला म्हणून मेलमध्ये ‘१२-१३ मेपर्यंत मिळेल’ असं लिहून टाकतात. पण ११ तारीख माल दुकानात येण्याची आहे. ग्राहकाच्या दारापर्यंत पोचायला मध्ये बराच रस्ता आहे, तो कागदावर मांडा.

गिरणीवाल्याची ११ धरली, तरी एकदा चुकलेल्या माणसाला तीन दिवस जास्तीचे द्या: गुरुवार, १४ मे. नमुना त्याच दिवशी लॅबला दिला तर पाच दिवसांनी, मंगळवारी १९ तारखेला रिपोर्ट. एक लॉट ओलाव्यात अडकलेला असताना दुसरा रिपोर्टशिवाय पाठवायची हिंमत करू नका. बुधवार-गुरुवार पाऊच भरणं, वजन, लेबल. शुक्रवारी, २२ मे रोजी कुरियरच्या हातात. तिथून कोल्हापूर-पुण्याला दोन दिवस म्हटले तर रविवार येतो, म्हणून २५ धरा. नागपूर-अमरावतीसारख्या लांबच्या गावांना २८. तुमच्या लॅबचे आणि कुरियरचे दिवस वेगळे असतील, पण हिशोब याच क्रमाने करायचा.

२८ मे लिहिताना हात जड होतो, हे खरं. १३ लिहावंसं वाटतं, म्हणजे ग्राहक चिडणार नाही. तो १४ तारखेला चिडतो, आणि मग २८ सांगितली तरी विश्वास ठेवत नाही. मेलमध्ये दोन तारखा स्वतंत्र लिहा: कुरियरकडे कधी देणार आणि घरी कधीपर्यंत पोचेल. पहिली बऱ्यापैकी तुमच्या हातात असते, दुसरी नसते. ‘७-८ दिवसांत’ असं मोघम लिहू नका. कधीपासूनचे ७-८, आणि त्यात रविवार मोजायचा का, हे वाचणारा स्वतःच्या सोयीने ठरवतो.

मेल जुनी तारीख उलटण्याआधी गेला पाहिजे. आपल्या उदाहरणात ४ मेला, म्हणजे रिपोर्ट हातात आला त्याच दिवशी. ७ तारखेला ‘माझी ऑर्डर कुठाय’ असा मेल आल्यावर दिलेली माहिती उत्तर म्हणून वाचली जात नाही, सबब म्हणून वाचली जाते.

कारण मोघम सांगणं, किंवा नको तेवढं सांगणं

‘तांत्रिक अडचण’ लिहिलं की वेबसाइट बंद पडली की काय असं वाटतं. पण ‘हळदीच्या गुणवत्तेत अडचण आली’ एवढंच लिहिलंत, तर दुसरंच संकट उभं राहतं. मागच्या महिन्यात ज्यांनी हळद घेतली ते विचारतात, ‘आमची ठीक आहे ना? वापरू की टाकून देऊ?’ खाण्याच्या वस्तूत हा प्रश्न येणारच. म्हणून कारण सांगताना लगेच पुढच्या वाक्यात सांगा की अडकलेल्या लॉटमधलं एकही पाकीट विकलेलं नाही. अर्थात ते खरं असेल तरच. त्या लॉटमधली चार पाकिटंही बाहेर गेली असतील, तर त्या चौघांना या मेलमध्ये गुंडाळू नका. त्यांना आधी फोन करा आणि पाकीट परत मागवा.

गिरणीचं नाव, तिच्याशी झालेली बोलाचाली, ‘आमचा काही दोष नाही’ हे सगळं गाळा. ग्राहकाने पैसे तुम्हाला दिले आहेत.

पैसे परत देण्याचा मुद्दा शेवटच्या ओळीत दडवणं

हळद मागवणाऱ्यांत कुणाच्या तरी घरी लग्न असतंच. १८ मेच्या हळदी समारंभासाठी मागवलेली पावडर २५ ला आली तर तिचं करायचं काय? त्या माणसाला माफी नको आहे. आज पैसे परत मिळणार का, एवढंच कळलं की तो शेजारच्या दुकानातून आणून मोकळा होतो. म्हणून नव्या तारखेच्या लगेच खाली पर्याय द्या आणि निवडणं सोपं ठेवा, फक्त १, २ किंवा ३ लिहून उत्तर पाठवता येईल असं. फॉर्म भरा, कारण द्या, ऑफिसच्या वेळेत फोन करा, असे अडथळे घालू नका.

परताव्याऐवजी कूपन देण्याचा मोह टाळा. कूपन वरून जास्तीचं द्यायचं तर जरूर द्या, पैशांच्या जागी नको. ई-कॉमर्ससाठीचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियमही हेच सांगतात: जाहीर केलेल्या तारखेपेक्षा माल उशिरा पोचला तर विक्रेत्याला पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. अपवाद आवाक्याबाहेरच्या आपत्तीचा आहे. कृष्णेला पूर आला आणि रस्ते बंद झाले ही एक गोष्ट, गिरणीने ओला माल दिला ही दुसरी. दुसरीला आपत्ती म्हणण्याच्या भरीस पडू नका.

रक्कम किती, हेही आधी ठरवून ठेवा, नाहीतर मिश्र ऑर्डरींत गोंधळ होतो. एक ऑर्डर पाहा: हळद २२० रुपये, बेदाणे २८० रुपये, दोन्हींवर १० टक्के सूट म्हणजे ५० रुपये वजा, कुरियर ६०. ग्राहकाने ५१० भरले. पूर्ण रद्द केली तर ५१० च्या ५१० परत, कुरियरसकट. पेमेंट गेटवे आपली फी बहुधा परत देत नाही, पण तो तुमचा खर्च आहे, ग्राहकाच्या रकमेतून कापायचा नाही. फक्त हळद रद्द केली तर २२० मधून तिच्या वाट्याची २२ रुपये सूट वजा करून १९८ परत. आणि ‘५०० च्या वर फ्री डिलिव्हरी’सारखी योजना असेल, तर हळद काढल्यामुळे ऑर्डर ५०० च्या खाली आली म्हणून डिलिव्हरीचे पैसे वसूल करू नका. सॉफ्टवेअर ते आपोआप करतं, म्हणून प्रत्येक परतावा डोळ्यांखालून घाला.

परतावा ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने जाऊ द्या. मेलमध्ये खातं क्रमांक किंवा यूपीआय आयडी मागितलात तर शहाणा ग्राहक त्याला फसवणूक समजेल, आणि त्याचं चुकत नाही. कॅश ऑन डिलिव्हरीवाल्यांना परताव्याचा मजकूर पाठवूच नका, त्यांनी अजून काही भरलेलं नाही. त्यांची यादी वेगळी काढा.

उत्तर न देणाऱ्याचं काय, हे न ठरवणं

साठांपैकी बरेच जण मेल उघडणारच नाहीत. ‘७ तारखेपर्यंत उत्तर न आल्यास आपली संमती गृहीत धरू’ हे वाक्य मला पटत नाही. त्यात दमदाटी आहे. ऑर्डर चालू ठेवायला हरकत नाही, पण पार्सल कुरियरला देईपर्यंत रद्द करण्याची मुभा उघडी ठेवा, आणि तसं लिहा. शिवाय नवी तारीखही चुकली तर ग्राहकाने न मागता पैसे परत जातील, हे आत्ताच सांगून टाका.

सगळं एकत्र केलं की हळद आणि बेदाणे दोन्ही मागवून आधीच पैसे भरलेल्या ग्राहकाचा मेल असा होतो:

> विषय: ऑर्डर क्र. ४१७: हळद २५ मेपर्यंत पोचेल (आधीची तारीख ६ मे)
>
> नमस्कार,
>
> तुमच्या ऑर्डरमधली हळद ६ मेला पोचणार नाही, याबद्दल क्षमस्व. गिरणीतून आलेल्या नव्या लॉटमध्ये तपासणीत ओलावा जास्त निघाला, म्हणून तो आम्ही परत पाठवला. त्यातलं एकही पाकीट विकलेलं नाही. आधी घेतलेली हळद निर्धास्त वापरा.
>
> नवा माल २२ मे रोजी कुरियरकडे देऊ. पुण्यात २५ मेपर्यंत मिळेल.
>
> या मेलला फक्त आकडा लिहून उत्तर द्या:
> १. बेदाणे लगेच पाठवा, हळद नंतर (दुसऱ्या पार्सलचा खर्च आमचा)
> २. दोन्ही एकत्र २५ मेपर्यंत चालेल
> ३. ऑर्डर रद्द करून पूर्ण ५१० रुपये परत करा
>
> ३ निवडल्यास त्याच दिवशी परतावा सुरू करू. बँकेत जमा व्हायला साधारण ५ ते ७ कामाचे दिवस लागतात. आम्ही ओटीपी किंवा खात्याची माहिती विचारणार नाही.
>
> उत्तर आलं नाही तर दोन्ही एकत्र पाठवू. पार्सल निघेपर्यंत कधीही रद्द करता येईल. २२ मेला पार्सल निघालं नाही, तर न मागता पूर्ण रक्कम परत करू.

फक्त हळद मागवणाऱ्याला पहिला पर्याय काढून टाका. नागपूरवाल्याच्या मेलमध्ये २८ मे घाला.

पाठवताना होणाऱ्या चुका

सगळे पत्ते To मध्ये टाकून एकच मेल पाठवला की साठ जणांना एकमेकांचे पत्ते दिसतात, आणि एकाने ‘Reply all’ केलं की बाकीच्यांना त्याची तक्रार वाचायला मिळते. Bcc ने पत्ते झाकले जातात, पण ऑर्डर क्रमांक आणि रक्कम प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे यादीतून प्रत्येकाला त्याच्या तपशिलासह वेगळा मेल पाठवणारं मेल मर्जच हवं. पहिला मेल स्वतःला पाठवून पाहा. ‘no-reply’ पत्त्यावरून तर अजिबात नको, उत्तरच मागताय ना?

त्याहून त्रासदायक भानगड ऑर्डरी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पॅनेलमध्ये असते. पार्सलचं लेबल आधीच काढून ठेवलेलं असेल, तर काही सिस्टिम ग्राहकाला ‘तुमची ऑर्डर निघाली’ असा मेसेज धाडतात. एका हातात उशिराचा मेल, दुसऱ्या हातात हा मेसेज. म्हणून मेल पाठवण्याआधी अडकलेल्या ऑर्डरी ‘होल्ड’वर टाका, काढलेली लेबलं रद्द करा. ‘३’ असं उत्तर आलं की आधी पॅनेलमध्ये ऑर्डर रद्द करा आणि मगच परतावा सोडा. उलट क्रमाने केलं की पैसेही जातात आणि २२ तारखेला पाकीटही जातं.

मेल गेल्यावर पहिली दहा-बारा उत्तरं नीट वाचा. ‘मग येणार कधी?’ असं दोघांनी विचारलं तर तारीख मजकुरात हरवली आहे, ती विषयाच्या ओळीत आणा. ‘पैसे आले नाहीत’ असं आठ दिवसांनी कुणी लिहिलं, तर ‘बँकेत विचारा’ म्हणून हात झटकू नका. गेटवेच्या पॅनेलमधून त्या परताव्याचा संदर्भ क्रमांक काढून पाठवा. कार्डाला तो ARN म्हणून दिसतो, यूपीआयला RRN म्हणून. तो दाखवला की बँकेला रक्कम शोधता येते.