डाळ आवडली, कार्ड दिलं, मग उत्तर का येत नाही? प्रदर्शनानंतरच्या पहिल्या मेसेजमधल्या चुका

डिसेंबरात पंजाबराव देशमुखांच्या जयंतीच्या सुमारास अकोल्याला कृषी प्रदर्शन भरतं, नागपूरला अ‍ॅग्रोव्हिजन असतं, जिल्ह्याजिल्ह्यात खरेदीदार-विक्रेता संमेलनं होतात. आपल्याकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक, बचत गटाच्या ताई स्टॉल लावतात, पुण्या-मुंबईचे खरेदीदार येऊन डाळ हातात घेऊन पाहतात, कार्ड देतात. पंधरा दिवसांनी विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "फोटो पाठवले न भाऊ, पाहिलेबी त्या खरेदीवाल्या मॅडमनं, पण काही बोलूनच नाही राहिली."

हा मेसेज मागवून पाहिला तर बहुतेक वेळा तो असा निघतो:

"🙏 नमस्कार 🙏 आपला दिवस आनंदात जावो. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीकडे तूरडाळ, हरभरा डाळ, हळद पावडर, मिरची पावडर योग्य दरात मिळेल. सेवेची एक संधी द्यावी ही नम्र विनंती."

खाली अकरा फोटो आणि एक पीडीएफ.

हा मेसेज समोरच्या फोनवर कसा दिसतो ते पाहा. तुमचा नंबर तिच्याकडे सेव्ह नाही. प्रदर्शनातून ती पन्नास जणांशी बोलून गेलेली. नोटिफिकेशनमध्ये अनोळखी नंबर आणि मजकुराची पहिली ओळ, एवढंच दिसतं, आणि त्या ओळीत तुम्ही हात जोडून दिवस आनंदात जावो म्हणून बसलात. उघडलं तरी हा कोण, कुठं भेटला, याचा पत्ता नाही. उत्तर द्यायचं तरी कशाला द्यायचं? मेसेजमध्ये प्रश्नच नाही. "संधी द्यावी" याला माणूस फार तर अंगठा दाखवतो.

एकच उदाहरण धरून चालू. आर्णी तालुक्यातला डाळ मिल चालवणारा संचालक, बिगर पॉलिशची तूरडाळ घेऊन अकोल्याला गेलेला. पुण्यात धान्य-किराण्याचं दुकान असलेल्या मॅडम स्टॉलवर थांबल्या. डाळ आवडली, पण म्हणाल्या, "आमचे ग्राहक तक्रार करतात, ही डाळ लवकर शिजत नाही." यानं सांगितलं, "घरी करून पाहतो न् कळवतो." मग त्यांनी एक किलोच्या पाकिटात मिळेल का, असं विचारलं. "नमुना बघून ठरवू," म्हणून कार्ड देऊन गेल्या. चार मिनिटांचं बोलणं, पण पुढचा सगळा मेसेज त्यातच आहे.

बोलणं लिहून न ठेवणं

पहिली चूक मेसेजच्या आधीच होते. कार्ड खिशात जातं, परतीच्या एसटीत दहा कार्डं एकत्र होतात आणि शिजण्याची तक्रार कोणाची, तेलाच्या घाण्याचं कोण विचारत होतं, हे सगळं एकमेकांत मिसळतं. मॅडम स्टॉलवरून हलल्या की लगेच कार्डाच्या मागं तीन गोष्टी लिहा: त्यांनी काय विचारलं, आपण काय कबूल केलं, त्या नक्की काय म्हणाल्या. गुळगुळीत कार्डावर पेन उठत नाही, तेव्हा कार्डाचा फोटो काढून त्याखाली स्वतःलाच मेसेज टाका. गर्दी असेल तर आवाज रेकॉर्ड करा.

"नक्की काय म्हणाल्या" हे मी मुद्दाम सांगतोय. त्या "नमुना बघून ठरवू" म्हणाल्या. घरी येईपर्यंत त्याचं "मॅडमनं ऑर्डर देतो म्हटलं" होतं, आणि मेसेजमध्ये "आपल्या ऑर्डरप्रमाणे पाच क्विंटल तयार ठेवतो" असं उतरतं. समोरचा माणूस हे वाचून बिचकतो. त्याला वाटतं, आता उत्तर दिलं की अडकलो. आठवण त्यांच्याच शब्दांत द्या, त्यात आपली आशा मिसळू नका.

भेटीची आठवण देणं, बोलण्याची न देणं

"आपली अकोल्याला भेट झाली होती" हे सगळेच लिहितात. त्यानं गाव कळतं, माणूस आठवत नाही. आठवतो तो स्वतःचा प्रश्न. म्हणून आपण काय सांगितलं यापेक्षा त्या काय म्हणाल्या ते लिहायचं. आणि आपण काही कळवतो म्हटलं असेल तर तेच मेसेजचं खरं कारण. आमच्या डाळवाल्याकडे ते आयतं होतं: डाळ शिजवून पाहायची होती. ती त्यानं शिजवली, मग लिहिलं:

"नमस्कार मॅडम, मी आर्णीचा (नाव). अकोल्याच्या प्रदर्शनात बिगर पॉलिशच्या तूरडाळीबद्दल बोललो होतो. डाळ लवकर शिजत नाही अशी ग्राहकांची तक्रार तुम्ही सांगितली होती. घरी करून पाहिलं. अर्धा तास भिजवली तर कुकरच्या ३ शिट्ट्यांत मऊ झाली, न भिजवता ५ लागल्या. पाकिटावर तशी सूचना छापता येईल. याबद्दल आणि १ किलोच्या पाकिटाबद्दल १० मिनिटं फोनवर बोलू का? मंगळवारी सकाळी ११ किंवा बुधवारी दुपारी ४, यातलं काय सोयीचं? फोन मी करतो."

शिट्ट्यांचा आकडा तुमच्या कुकरमध्ये जो येईल तो लिहा. पाच लागल्या तर पाचच. पुण्यात नमुना शिजणारच आहे.

या मेसेजमध्ये भाव नाही, हळद-मिरची नाही, पीडीएफ नाही. फोटो हवाच असेल तर एक, शिजलेल्या डाळीचा. बाकी मालाची यादी पाठवायला नंतर जागा आहे. आत्ता मागायचं ते फक्त दहा मिनिटं, आणि त्या दहा मिनिटांत काय बोलणार हेही आधीच सांगून टाकायचं.

बोलणं झालंच नसेल, नुसतं कार्ड हातात पडलं असेल, तर खोटी आठवण काढू नका. "स्टॉलवर गर्दीत बोलता आलं नाही" असं सरळ लिहा आणि त्यांच्या कामाशी जुळणारी एकच गोष्ट सांगा. आणि हा सगळा प्रकार स्वतः निर्णय घेणाऱ्या दुकानदारासाठी आहे. मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाला कार्डावरच्या ईमेलवर लिहा. बँकेच्या साहेबांना रात्री नऊला व्हॉट्सअ‍ॅप कराल तर काम होण्याऐवजी अडेल, तिथं कार्यालयाच्या वेळेत फोन करा.

"कधीही फोन करा" म्हणणं

आपल्याला हे अदबीचं वाटतं. पण त्यात वेळ शोधायचं काम त्यांच्या गळ्यात पडतं, आणि ते राहून जातं. दोन वेळा सुचवा, दोन वेगळ्या दिवशी, एक सकाळी एक दुपारी. म्हणजे उत्तर एका शब्दात देता येतं. दुकानदाराला संध्याकाळची वेळ देऊ नका, गिऱ्हाइकी तेव्हाच असते.

याहून मोठा घोळ आपल्या बाजूला होतो. वेळ देताना माणूस समोरच्याची सोय पाहतो आणि स्वतः अकरा वाजता कुठं असेल हे विसरतो. हरभऱ्याला, गव्हाला पाणी देण्याचे दिवस असतात. ज्या आठवड्यात थ्री फेज लाइन दिवसा असते त्या आठवड्यात तुम्ही वावरात, मोटरीजवळ. तिथं रेंज आहे का? मिल सुरू असेल तर त्या आवाजात मॅडमना काय ऐकू येणार? "हॅलो, हॅलो, आवाज येऊन राहिला का जी?" यातच चार मिनिटं जातात. बाजाराचा दिवस, लाइनचा आठवडा पाहूनच वेळ द्या, आणि त्या वेळेला रेंज मिळते त्या जागी जाऊन उभे राहा. व्हॉट्सअ‍ॅप कॉलपेक्षा साधा फोन बरा, डेटा खिळखिळा असला तरी तो बहुधा टिकतो.

काही जण मेसेज न करता थेट फोन लावतात. अनोळखी नंबर कोणी उचलत नाही, मग पुन्हा लावतात, मग पुन्हा. तीन मिस्ड कॉलनंतर आलेला मेसेज कितीही चांगला असला तरी आधी वैताग येऊन बसलेला असतो.

मेसेज कधी करायचा? त्याच रात्री नको, सगळे प्रवासात असतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सकाळी दहानंतर. प्रदर्शन रविवारी संपलं तर सोमवारी त्यांच्या दुकानात साठलेली कामं असतात, मंगळवार बरा. आठवडा उलटला की चार मिनिटांचं बोलणं त्यांच्या डोक्यातून गेलेलं असतं.

आणि ब्रॉडकास्ट लिस्टवर भरवसा ठेवू नका. ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे. नव्या खरेदीदारांनी तो केलेला नसतो. पन्नास जणांना एकदम टाकला असं तुम्हाला वाटतं, पोचलेला असतो भाच्याला आणि मेहुण्याला.

उत्तर आलं नाही तर

आधी टिक पाहा. दोन-तीन दिवस एकच टिक असेल तर मेसेज पोचलेलाच नाही. नंबर चुकीचा टिपला असेल किंवा कार्डावरचा तो नंबर त्या वापरत नसतील. ब्लॉक केलं असेल तरी एकच टिक दिसते. कार्डावरचा दुसरा नंबर किंवा ईमेल पाहा, तोच मजकूर तिथं पाठवा. दोन टिक, निळ्या नाहीत, याचा अर्थ न वाचलेला असा धरू नका, अनेक जण निळी टिक बंद ठेवतात. निळी झाली तरी लगेच फोन लावायचा नाही.

पाच-सहा दिवसांनी एकदाच पुन्हा लिहा, त्याच मेसेजला रिप्लाय करून, म्हणजे आधीचं बोलणं वर दिसेल. "मॅडम, रिप्लाय नाही दिला" असं लिहू नका, त्यानं माणूस ओशाळतो आणि टाळतो. नवीन काहीतरी द्या: "१ किलोचा नमुना स्पीड पोस्टानं पाठवू का? पत्ता कळवा, खर्च आमचा." याला हो-नाही म्हणणं सोपं आहे.

तरीही शांतता असेल तर थांबा. तूर आपल्याकडे जानेवारीच्या आसपास निघते, भरडून डाळ व्हायला आणखी दिवस जातात. नवी डाळ तयार झाली की तिसरा मेसेज करायला खरं कारण असतं: "नव्या तुरीची डाळ निघाली." मधल्या काळात रोज गुड मॉर्निंगची फुलं पाठवणाऱ्यांचं चॅट म्यूट होतं आणि नवी डाळ निघाल्याचा मेसेजही त्यातच बुडतो.

फोन लागल्यावर

जवळ वही, अन्न परवान्याचा नंबर, शिल्लक माल किती आणि खालचा भाव कुठवर, हे आधी लिहून बसा. सुरुवात कंपनीच्या इतिहासानं करू नका. शिजण्याचा विषय, मग पाकीट, मग त्यांना महिन्याला साधारण किती लागते ते विचारा आणि ऐका. भाव त्यांनी विचारला तर सांगा, पण वाहतूक धरून की न धरून हे त्याच वाक्यात सांगा, नाहीतर पुढचं भांडण तिथंच पेरलं जातं. दहा मिनिटं झाली की "मॅडम, दहा मिनिटं झाली, अजून वेळ आहे का?" असं विचारा. बहुतेक जण थांबतात.

फोन ठेवल्यावर तासाभरात ठरलेलं लिहून टाका: "१ किलोचा नमुना सोमवारी स्पीड पोस्टानं पाठवतो. पाकिटावर भिजवण्याची सूचना मराठीत. नमुना पाहून तुम्ही पुढच्या आठवड्यात कळवाल." त्यात काही चुकलं असेल तर त्या दुरुस्त करतील, आणि नमुना पोचल्यावर पुन्हा लिहायचं कारणही तयार झालेलं असतं.