मोबाइल डेटावर मोठा व्हिडिओ चढवताना माझं जिथे चुकलं

अ‍ॅपमध्ये 'Upload over Wi-Fi only' चालू केलं की डेटा सुरक्षित, असं मी धरून चाललो होतो. इथेच फसलो.

दहा मिनिटांचा व्हिडिओ, साधारण १.२ जीबीचा. एका फोनचा हॉटस्पॉट चालू केला आणि दुसऱ्या फोनवरून अपलोड लावला. त्या दुसऱ्या फोनच्या लेखी हॉटस्पॉट म्हणजे वाय-फायच! पलीकडे केबल आहे की सिमकार्ड, हे अ‍ॅपने मुद्दाम तपासलं नाही तर त्याला कळत नाही. माझ्या अ‍ॅपने तपासलं नाही. 'फक्त वाय-फाय'चा अर्थ 'फुकट नेट' असा नसतो, हे दोनदा वाचून ठेवा.

अँड्रॉइडमध्ये त्या वाय-फायच्या नावाशेजारच्या गिअरवर जाऊन Network usage मध्ये Treat as metered, म्हणजे 'हे नेट मोजून मिळतं असं धर', निवडता येतं. काही अ‍ॅप ही खूण मानतात, काही मानत नाहीत. त्यामुळे हॉटस्पॉट लावण्याआधी अपलोडच थांबवणं मला जास्त पटतं.

पुढची चूक मात्र निव्वळ घाईची. ७० टक्क्यांवर नेट गेलं. मी घाबरून Cancel दाबलं आणि तीच फाइल परत लावली. तोवर ८४० एमबी गेले होते. दिवसाचा कोटा २ जीबी, म्हणजे उरले ११६० एमबी. दुसरी खेप ९६ टक्क्यांवर अडकली. एक व्हिडिओ, जवळजवळ दोनदा चढवलेला, आणि पूर्ण एकदाही नाही.

नुसतं नेट गेलं तर घाबरू नका. खंडित अपलोड पुढे नेणारं अ‍ॅप आधी सर्व्हरला विचारतं की किती पोचलंय, आणि तिथून पुढचा भाग पाठवतं. Cancel दाबलं की तो धागाच तुटतो. मधल्या वेळात व्हिडिओ ट्रिम केला किंवा हलवला, तरी तेच. म्हणून अपलोड संपेपर्यंत मूळ फाइलला हात लावायचा नाही.

'अ‍ॅप सगळं सांभाळतं' असं ठामपणे सांगणाऱ्या अनुभवी मंडळींवर मी आता विसंबत नाही. १०० एमबीची एखादी फाइल घ्या, तीस टक्क्यांवर विमान मोड लावा, मिनिटभराने काढा. आकडा तीसवरून पुढे सरकला तरी लगेच खूश होऊ नका, कधीकधी तो नुसता दिखाऊ असतो. फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपचा डेटा वापर आधी आणि नंतर बघा. शंभरच्या आसपास वाढला असेल तर अपलोड खरंच पुढे सरकला. एकशेतीसच्या घरात गेला, तर अ‍ॅपने गुपचूप पहिल्यापासून सुरुवात केली, आणि अशा अ‍ॅपमधून मी तरी मोठी फाइल मोबाइल डेटावर पाठवत नाही.