अनोळखी माणसाने पोस्टखाली पैसे मागितले तर नाही कसं म्हणायचं? या चुका टाळा

मागच्या हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डात हळद विकली, दर बरा लागला म्हणून पोत्यांच्या थप्पीसमोर उभा राहून एक फोटो टाकला होता. अभिनंदनाच्या पन्नासेक कमेंट आल्या आणि त्यातच एक आली, "दादा, मुलाचं ऑपरेशन हाय, 15,000 कमी पडत्यात, उसने दिले तरी चालतील, दोन महिन्यात देतो." नाव ओळखीचं नाही, गाव जत तालुक्यातलं. फोटो बघून कुणालाही वाटणार की याच्या खिशात आत्ता पैसा खुळखुळतोय, पण मार्चअखेर सोसायटीचं कर्ज भरायचं होतं, मजुरी द्यायची होती, ते काय फोटोत दिसत नाही.

मी तेव्हा जे उत्तर दिलं ते आजपण आठवलं की वाईट वाटतं. मी लिहिलं, "कुठलं हॉस्पिटल? डॉक्टरचं लेटर टाका बघू." पैसे द्यायचे नव्हतेच, ते मनात आधीच ठरलं होतं, पण सरळ नाही म्हणायला जीभ रेटेना म्हणून आपलं काहीतरी विचारलं. त्या माणसाने दहा मिनिटात फाईलचे तीन फोटो टाकले, त्यात पोराचं नाव, वय, पत्ता, रिपोर्ट, सगळं उघड्यावर. आता मी काय लिहिणार? शेवटी "बघतो" म्हणालो. तो तीन दिवस रोज विचारत राहिला, "दादा बघितलं का?"

तर पहिली चूक हीच. द्यायचं नसेल तर पुरावा मागू नका. पुरावा मागितला म्हणजे समोरच्याला वाटतं की हा पटला तर देणार, म्हणून तो बिचारा घरची सगळी लाज बाजूला ठेवून कागद दाखवतो. आणि खरं सांगायचं तर, त्याची गरज खरी आहे का खोटी हे आपल्याला ठरवायची गरजच नसते. आपल्याकडे द्यायला आहे का आणि द्यायचंय का, एवढंच आपलं. उत्तर नाही असेल तर त्याची गोष्ट शंभर टक्के खरी धरूनच नाही म्हणायचं, म्हणजे बोलण्यात संशयाचा वास येत नाही.

दुसरी चूक म्हणजे "बघतो", "पुढच्या महिन्यात बघू", "सध्या जरा अडचण आहे". आपल्याकडं ही नाही म्हणायची पद्धत आहे, गावात समोरासमोर चालून जाते कारण तोंडाकडं बघून माणूस ओळखतो. लिहिलेल्यात तोंड दिसत नाही. ज्याचं पोरगं ॲडमिट आहे तो "बघतो" म्हणजे आशा आहे असंच वाचणार, आणि ऑपरेशनच्या बाबतीत ते तीन दिवस लई महाग पडतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन करायचं असेल तर मंजुरी सहसा आधी घ्यावी लागते, आधी पैसे भरून मग योजनेत बसवायला गेलं की अडचण होते. म्हणजे माझ्या "बघतो"च्या नादात तो माणूस हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राकडं जायचा राहिला असता तर नुकसान त्याचंच.

नंतर दुसऱ्या एका पोस्टखाली असंच एका ताईंनी नवऱ्याच्या उपचारासाठी मदत मागितली, तेव्हा हे लिहिलं:

"ताई, वाचलं, काळजी वाटली. मला पैशाची मदत जमणार नाही, तुमची वाट बघण्यात वेळ जाऊ नये म्हणून लगेच सांगतोय. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला अजून भेटला नसाल तर रेशनकार्ड, आधार घेऊन एकदा भेटा, 155388 वर फोन करून पण विचारता येतं. दादांना लवकर बरं वाटू दे."

यात कारण दिलेलं नाही बघा. कारण दिलं की समोरचा त्यावर तोडगा काढतो, "हप्ता आहे" म्हटलं की "मग 5,000 तरी द्या" येतं, आणि खोटं कारण असेल तर पुढच्या महिन्यात आपल्याच गाडीच्या फोटोखाली ते उघडं पडतं. "भेटला नसाल तर" हे मुद्दाम आहे, कारण हॉस्पिटलात आठ दिवस काढलेल्या माणसाला योजना माहीत नसेल असं आपण धरून चालायचं नाही, कदाचित त्या सगळ्या खेटा घालून झालेल्या असतात. योजना ठराविक आजारांना आणि योजनेत असलेल्या हॉस्पिटललाच लागू आहे, त्यामुळे "तिथं सगळं फुकट होईल" असं छातीठोक कधी लिहू नका. धर्मादाय म्हणून नोंद असलेलं हॉस्पिटल असेल तर तिथं 10 टक्के बेड निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के सवलतीत ठेवावे लागतात, बिल हातात पडायच्या आधी तिथल्या सोशल वर्करला विचारायला सांगता येतं. पण एकच गोष्ट सांगा, जी तुम्हाला पक्की माहीत आहे. पाच लिंका चिकटवल्या की ते कटवल्यासारखं वाटतं.

"तुमच्यावर विश्वास आहे हो, पण हल्ली फसवतात लोक" हे वाक्य तर नकोच. त्याने विश्वासाचा विषय काढलेलाच नसतो, आपणच काढतो आणि चारचौघात त्याच्या कपाळाला चिकटवतो. तसंच "अमक्या साहेबांना विचारा, त्यांच्याकडं भरपूर आहे" म्हणून तिसऱ्याला टॅग करणं. आपल्याला जे अवघड गेलं ते दुसऱ्याच्या गळ्यात कशाला घालायचं?

नाही म्हटल्यावर बऱ्याचदा परत मेसेज येतो, "दादा, 2,000 तरी." इथं माणूस घसरतो, नवीन कारणं द्यायला लागतो नाहीतर चिडतो. मी तेच वाक्य लहान करून लिहितो, "नाही ताई, थोडेही जमणार नाहीत." तिसऱ्यांदा आलं तर उत्तर देत नाही, पण ओरडत पण नाही. अडलेला माणूस दोनदा विचारणारच की ओ.

आणि आपलं उत्तर कितीही नीट असलं तरी खाली कुणीतरी येऊन लिहितं, "फ्रॉड असतात असले." तिथं गप्प बसणं ही पण चूकच, कारण पोस्ट आपली आहे, आपल्या दारात आलेल्या माणसाला शेजाऱ्याने बोललं तर आपण काहीतरी म्हणतोच ना. मी लिहितो, "भाऊ, त्यांनी मला विचारलं, मी सांगितलंय. त्यांना काही बोलू नका." तरी ऐकलं नाही तर ती टोमण्याची कमेंट काढतो, मागणाऱ्याची नाही. त्याची मागणी परस्पर पुसून टाकली तर त्याला वाटणार की हाकलून दिलं. दुसऱ्या कुणाला मदत करावीशी वाटली तर त्यांनी खुशाल करावी, मी मधे "जरा बघून हं" म्हणत नाही.

फक्त फाईलचे फोटो किंवा आधार कार्ड उघड्यावर टाकलं असेल तर इनबॉक्समध्ये सांगतो, सगळ्यांसमोर नाही: "दादा, फोटोत पोराचं नाव-पत्ता सगळ्यांना दिसतोय, तेवढा काढून घ्या." जतच्या त्या दादांना मी चौथ्या दिवशी हेच लिहिलं, सोबत लिहिलं की पैसे जमणार नाहीत आणि हे पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं, चुकलं माझं. त्यांनी फोटो काढले आणि एवढंच लिहिलं, "बरं झालं सांगितलं, आता दुसरीकडं बघतो."